पेटी बारा डझनाची की दहा डझनाची? अमळनेरच्या एका घाऊक दुकानातला वह्यांचा हिशोब

अमळनेरच्या बाजारपेठेत वह्या आणि शालेय सामानाचं एक घाऊक दुकान आहे. पारोळा, एरंडोल, धरणगाव आणि तापीपलीकडचे चोपडा, शिरपूर इथले किरकोळ दुकानदार त्यांच्याकडून माल उचलतात. मेअखेरीपासून जून संपेपर्यंत वर्षाचा बहुतेक धंदा उरकतो. अशा ऐन हंगामात, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शंभरपानी वहीचा स्टॉक जुळेना म्हणून दुकानाच्या मालकांनी मला बोलावलं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. दुकानांचे स्टॉकचे हिशोब लावून देणं हे माझं काम.

रजिस्टर सांगत होतं, ३,४३२ वह्या शिल्लक. गोदामात मोजणी झाली ती २,९५२. म्हणजे ४८० वह्या कमी, सरळ चाळीस डझन. दुकानात बसणाऱ्या अण्णांच्या पुतण्याने चोरी गृहीत धरली होती आणि संशय गोदाम सांभाळणाऱ्या हमालावर होता. तो माणूस तिथे वर्षानुवर्षं काम करणारा. त्याचं एकच म्हणणं होतं, “पेट्या पुऱ्या शेतस भाऊ, एकबी कमी नही.”

पेट्या खरंच पुऱ्या होत्या. पण ४८० हा आकडाही खरा नव्हता. प्रत्यक्षातली तफावत त्याच्या जवळजवळ दुप्पट होती आणि ती चोरीची नव्हतीच.

माल कुठे कशात मोजला जात होता

या दुकानात एकाच वहीचा हिशोब तीन ठिकाणी तीन एककांत चालायचा. फिरतीवरचे दोन सेल्समन ऑर्डर घ्यायचे ती बहुतेक डझनात. मोठा गिऱ्हाईक असेल तर पेट्यांत. खरेदीचं बिल यायचं कार्टनमध्ये, भाव मात्र डझनाचा. स्टॉक रजिस्टर पुतण्याने एक्सेलमध्ये केलेलं, त्यात सगळं नगात रूपांतर होऊन शिल्लक निघायची. विक्रीची बिलं वेगळ्या बिलिंग प्रोग्रॅममधून निघायची. दोन्हीकडे शंभरपानी वहीपुढे एकच आकडा भरलेला होता, १ कार्टन = १४४ नग.

हा आकडा भरला तेव्हा तो बरोबरच होता. पुरवठादाराची पेटी बारा डझनाची यायची, म्हणजे बरोबर एक ग्रोस. त्यामुळे दुकानात ‘पाच पेट्या’ आणि ‘पाच ग्रोस’ ही एकच गोष्ट म्हणून वर्षानुवर्षं बोलली जायची. ऑर्डरच्या वहीत दोन्ही शब्द आलटून पालटून सापडले आणि त्याने कधी कुणाचं नुकसान झालं नाही. डझन म्हणजे बारा आणि ग्रोस म्हणजे एकशे चव्वेचाळीस हे कायमचं आहे. पेटीत किती माल भरायचा हे मात्र कारखानदार ठरवतो आणि त्याला वाटेल तेव्हा बदलतो. प्रोग्रॅममध्ये मात्र तिन्ही एककं एकाच रांगेत, सारख्याच भरवशाची म्हणून बसलेली होती.

मे महिन्यात पुरवठादाराने पेटी दहा डझनाची केली. पेटी हलकी झाली की हमालांना उचलायला सोपी, चढउतारात फाटण्याचं प्रमाण कमी. वहीचा दर्जा तोच, पानं तीच, डझनाचा भाव तोच ₹२१६. बदलली ती फक्त पेटी. बिलावर ते छापलेलंही होतं. परिमाणाच्या रकान्यात ६० CTN, शेजारच्या पॅकिंगच्या रकान्यात 10 DZ, त्यापुढे एकूण 600 DZ आणि रक्कम ₹१,२९,६००. खरेदी चढवणाऱ्या ताईंनी साठ कार्टन भरले, रक्कम बिलाप्रमाणे भरली, ताळा घेतला. रक्कम पैशापर्यंत जुळली. रक्कम जुळल्यावर पॅकिंगचा रकाना पाहायची वेळ कुणावर येत नाही, आणि म्हणूनच ही चूक इतकी चिवट असते.

आकडे

१ एप्रिलची सुरुवातीची शिल्लक १,४४० नग, म्हणजे जुन्या दहा पेट्या. एप्रिलमध्ये आलेल्या ४० पेट्याही जुन्याच पॅकिंगच्या, ५,७६० नग. मेमध्ये नव्या ६० पेट्या आल्या. त्यांत खरा माल ७,२०० नग. रजिस्टरने प्रत्येक पेटीला १४४ लावून ८,६४० धरला. म्हणजे माल गोदामात उतरला त्याच दिवशी रजिस्टरमध्ये १,४४० वह्या हवेतून तयार झाल्या.

मग प्रश्न पडतो की तफावत १,४४० ची का दिसली नाही? उत्तर विक्रीत आहे. मोजणीच्या दिवसापर्यंत ३० जुन्या पेट्या अखंड विकल्या गेल्या होत्या, २२ नव्या पेट्या अखंड विकल्या गेल्या होत्या आणि ४१० डझन सुटे गेले होते. जुन्या पेट्या आणि सुटे डझन यांत काही गडबड नाही. नव्या २२ पेट्या मात्र बिलिंगमध्ये १४४ नगांच्या म्हणून वजा झाल्या. खरेदीत प्रत्येक पेटीमागे २४ नग जास्त जमा, विक्रीत प्रत्येक पेटीमागे २४ नग जास्त वजा. पेटी जशी आली तशीच गेली तर दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि स्टॉक अगदी स्वच्छ दिसतो. चूक उरते ती फक्त ज्या पेट्या अखंड गेल्या नाहीत त्यांच्यापुरती. साठातून बावीस गेल्या, राहिल्या ३८. अडतीस गुणिले चोवीस, ९१२.

रजिस्टरची शिल्लक ३,४३२ होती. त्यातून ९१२ गेले की राहतात २,५२०. आणि गोदामात होत्या नव्या १८ सीलबंद पेट्या आणि ३० डझन सुटे गठ्ठे. अठरा गुणिले १२० म्हणजे २,१६०, अधिक ३६०, एकूण २,५२०. एका वहीचाही फरक नाही.

मग सुरुवातीची मोजणी २,९५२ कशी आली? गोदामातून कागद आला तो ‘पेट्या १८, सुटे डझन ३०’ असा, आणि दुकानात त्या अठरा पेट्यांना पुन्हा १४४ नेच गुणलं. ज्या मापाने चूक झाली त्याच मापाने तिची तपासणी झाली. म्हणून सीलबंद पेट्यांमधली चूक झाकली गेली आणि फक्त फोडलेल्या २० पेट्यांची, म्हणजे ४८० नगांची, तूट वर आली. घाऊक दुकानात स्टॉक मोजताना मोजणीचा कागद नगाचा किंवा डझनाचा असला पाहिजे आणि प्रत्येक प्रकारच्या एका तरी पेटीचं सील फोडून आतले गठ्ठे मोजले पाहिजेत, हा माझा आग्रह त्यामुळेच असतो.

४८० आणि ९१२, दोन्ही आकड्यांना २४ ने पूर्ण भाग जातो. हा योगायोग नव्हे. चोरी, उंदीर, भिजलेला माल किंवा गठ्ठा चुकून दुसरीकडे जाणं यातून येणारी तूट वेडीवाकडी असते, १७ किंवा २०३ अशी. रूपांतर चुकलं तर तूट दोन पॅकिंगमधल्या फरकाच्या पटीतच येते. म्हणून तफावत दिसली की मी आधी भागाकार करून पाहतो. पूर्ण भाग गेला म्हणून निकाल लागला असं नाही, कारण गठ्ठे चोरणाराही डझनानेच चोरतो. पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. इथे भाग गेल्यावर खरेदीची फाईल मागवली आणि मेचं बिल उघडताच पॅकिंगचा रकाना समोर आला.

पैशात काय झालं

स्टॉकची चूक कागदावरची होती, विक्रीची मात्र खरी होती. चोपड्याच्या एका दुकानदाराने पाच पेट्या मागवल्या होत्या. बिल गेलं ६० डझनाचं, ₹२४० भावाने ₹१४,४००. माल पोचला ५० डझन. दहा डझनाचे ₹२,४०० जास्त लागले. त्याने फोन केला होता, “अण्णा, पेटी उघडली तर दहाच गठ्ठे निघाले.” दुकानातून उत्तर गेलं की गाडीत पेटी फुटली असेल, ट्रान्सपोर्टला विचारा. दुकानाच्या समजुतीत पेटी बाराचीच होती, त्यामुळे उत्तर प्रामाणिक होतं. पण गिऱ्हाईकाच्या मनात काय बसलं असेल ते सांगायला नको. अशा २२ पेट्यांवर मिळून ४४ डझनांचे ₹१०,५६० जास्त आकारले गेले होते.

दुसरी गोष्ट अण्णांच्या लक्षात आणून दिली तेव्हा ते बराच वेळ बिलाकडे पाहत राहिले. रक्कम बरोबर आणि नग जास्त, म्हणजे प्रत्येक नगाची किंमत कमी. ₹१,२९,६०० ला ८,६४० ने भागलं तर नग ₹१५ ला पडतो. ७,२०० ने भागलं तर ₹१८. रजिस्टरची सरासरी काढली तर वही ₹१६.३६ ला पडल्याचं दिसत होतं, डझनाला सुमारे ₹१९६. खरा खर्च ₹२१६. ₹२४० ला विकून डझनामागे चव्वेचाळीस रुपये सुटतात असं समजून अण्णांनी शिरपूरच्या दोन मोठ्या गिऱ्हाइकांना ₹२३२ चा भाव दिला होता. खरं तर सुटत होते चोवीस, आणि सवलतीनंतर सोळा. ती सवलत परत मागता येत नाही.

याच ठिकाणी ही चूक सर्वांत लवकर पकडता येते. खरेदीची नोंद झाली की एका नगाचा भाव काढायचा आणि मागच्या खरेदीच्या नगाच्या भावाशी ताडून पाहायचा. कागदाचा भाव वरखाली होतो, वहीही दोन-चार टक्क्यांनी हलते. पण ₹१८ ची वही एकदम ₹१५ ला पडली, म्हणजे बरोबर एक षष्ठांश स्वस्त झाली, तर कारखानदार दानशूर झालेला नसतो, पॅकिंग बदललेलं असतं. १२० आणि १४४ यांचं प्रमाणही तेच आहे.

आणखी एक पुरावा फायलीतच पडून होता, ट्रान्सपोर्टची बिल्टी. एप्रिलच्या बिल्टीवर ४० पेट्यांचं वजन ७४० किलो, मेच्या बिल्टीवर ६० पेट्यांचं ९३० किलो. पेटीमागे साडेअठरा किलोचे साडेपंधरा झाले होते. बिल्टीवर एक धोकाही असतो. तिथल्या रकान्याचं नाव ‘नग’ असतं, पण ट्रान्सपोर्टवाल्याचा नग म्हणजे एक डाग, एक पेटी. ‘नग ६०’ वाचून साठ वह्यांची आवक चढवल्याचं मी दुसऱ्या एका दुकानात पाहिलं आहे.

एक खाना बदलून काय होतं

कारण कळल्यावर पुतण्याने लगेच एक्सेल उघडलं आणि पॅकिंगच्या तक्त्यात १४४ च्या जागी १२० केलं. शिल्लक आली २,२८०. आता गोदामात २४० वह्या जास्त निघाल्या! तूट गेली आणि वाढावा आला.

असं का झालं ते समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण हा उपाय दहापैकी नऊ दुकानदार पहिल्यांदा करतात. त्याच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक ओळीचं सूत्र असं होतं:

```
=D5*VLOOKUP(C5,Packing!A:B,2,FALSE)
```

D मध्ये संख्या, C मध्ये एकक, आणि एका एककात किती नग हे दर वेळी Packing तक्त्यातून यायचं. तक्ता बदलला की मेच्या पेट्या बरोबर झाल्या, पण त्याच क्षणी एप्रिलच्या ४० पेट्या आणि विकलेल्या ३० जुन्या पेट्याही १२० च्या झाल्या. चाळीस जमा, तीस वजा, उरल्या दहा. दहा गुणिले चोवीस, २४०. सुरुवातीची शिल्लक नगात भरलेली होती म्हणून ती तेवढी वाचली. झालेल्या व्यवहाराचा इतिहास आजच्या पॅकिंगने पुन्हा लिहिला गेला. ३१ मार्चला छापून सीएकडे दिलेला स्टॉक आणि तीच फाईल उघडून आज दिसणारा स्टॉक वेगळा का, याचं कारण अनेक दुकानांत हेच असतं.

म्हणून पॅकिंगचा आकडा तक्त्यात राहिला तर सूचना म्हणून राहावा, हिशोब त्यावर चालू नये. प्रत्येक ओळीत तो त्या व्यवहारापुरता कायमचा लिहिला गेला पाहिजे. आम्ही रजिस्टरला एक रकाना वाढवला, ‘एका एककात नग’, आणि तो सूत्राने न येता बिल बघून हाताने भरायचा ठरलं. मग सूत्रं अशी झाली:

```
G5:  =D5*F5
I5:  =H5/G5
```

F मध्ये त्या बिलावरचं पॅकिंग, G मध्ये नग, H मध्ये बिलाची रक्कम, I मध्ये एका नगाचा भाव. I मधला आकडा मागच्या खरेदीपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त हलला तर खाना लाल होतो. पाच टक्के हा आकडा या दुकानापुरता, वहीच्या भावाची नेहमीची हालचाल पाहून ठरवलेला आहे. पेनाला तो वेगळा लागेल.

चांगल्या प्रोग्रॅममध्ये ही सोय आधीपासून असते. उदाहरणार्थ, ERPNext मध्ये ऑर्डरच्या आणि बिलाच्या प्रत्येक ओळीत संख्या, एकक, `UOM Conversion Factor` आणि त्यातून निघणारी स्टॉकच्या एककातली संख्या वेगवेगळी साठवली जाते. वस्तूच्या मास्टरमध्ये पुढे आकडा बदलला तरी जुन्या बिलाच्या ओळीत जुनाच राहतो. पण त्या मास्टरमध्ये एका वस्तूला ‘कार्टन’ या एककाचा एकच आकडा ठेवता येतो. दोन पॅकिंगचा माल एकाच वेळी गोदामात असेल तर ओळीवरचा आकडा बघून बदलण्याची जबाबदारी नोंद करणाऱ्यावरच राहते. प्रोग्रॅम चूक टिकवून ठेवतो किंवा बरोबर आकडा टिकवून ठेवतो. पेटीत काय आहे ते त्याला दिसत नाही.

पुतण्याची सूचना होती की दोन पॅकिंगसाठी दोन वेगळे कोड करू, ‘शंभरपानी-१४४’ आणि ‘शंभरपानी-१२०’. मी नको म्हणालो. गिऱ्हाईक वही मागतो, पेटी नाही. पेटी फोडून गठ्ठे मांडणीवर गेले की कोणता गठ्ठा कोणत्या पेटीतला हे कुणीच सांगू शकत नाही, आणि मग एका कोडात उणे शिल्लक आणि दुसऱ्यात न संपणारा माल दिसायला लागतो. एमआरपी किंवा बारकोड वेगळा असेल तर वेगळा कोड करावाच लागतो. इथे वही तीच होती.

दुरुस्ती

सीएच्या ऑफिसातून सल्ला आला होता की ९१२ नगांची स्टॉक घट दाखवा आणि मोकळे व्हा. आकडा त्याने जुळला असता. पण मग ४४ डझनांचे जास्त घेतलेले पैसे गिऱ्हाइकांचे बुडाले असते, त्यांचा शोधच लागला नसता, आणि जी घट झालीच नाही ती वह्यांवर कायम नोंदली गेली असती. मी ठरवलं की घटीची एकही नोंद करायची नाही. चुकलेल्या ओळीच दुरुस्त करायच्या आणि तफावत आपोआप शून्य होते का ते पाहायचं. ती झाली, तरच कारण पूर्ण सापडलं असं म्हणता येईल.

खरेदीची ओळ सोपी होती. मेच्या बिलाचं पॅकिंग १२० केलं, आवक ७,२०० झाली, रक्कम जशीच्या तशी. विक्रीत कष्ट पडले. अखंड विकलेल्या एकूण ५२ पेट्यांपैकी नव्या कोणत्या हे बिलावरून कळत नव्हतं. मेच्या मालाआधीची बिलं जुन्या पेट्यांची हे नक्की, पण त्यानंतर काही दिवस दोन्ही पेट्या गोदामात शेजारी होत्या आणि नव्या पुढे रचलेल्या असल्यामुळे आधी नव्याच उचलल्या गेल्या होत्या. हमालाकडच्या गाडी भरण्याच्या चिठ्ठ्या कामी आल्या. त्याने नव्या पेटीपुढे सवयीने ‘बारकी’ असं लिहून ठेवलं होतं. ज्याच्यावर संशय होता त्याच्याच चिठ्ठ्यांनी हिशोब सुटला, आणि अण्णांनी सगळ्यांसमोर त्याला तसं बोलून दाखवलं. दोन बिलांच्या चिठ्ठ्या सापडल्या नाहीत. त्या दुकानदारांना फोन करून रिकाम्या खोक्याच्या बाजूला काय छापलंय ते विचारलं. एकाकडे खोकं शिल्लक होतं, दुसऱ्याने गठ्ठे मोजून घेतल्याची नोंद दाखवली.

२२ पेट्यांच्या क्रेडिट नोट निघाल्या, ₹१०,५६० च्या. चोपड्याच्या दुकानदाराला अण्णांनी स्वतः फोन केला. विक्री ११,८८० नगांवर आली, सुरुवातीची शिल्लक धरून आवक १४,४०० वर, आणि शिल्लक २,५२०. रजिस्टरमध्ये स्टॉकची किंमत ₹५६,१६० दिसत होती ती ₹४५,३६० झाली. हा ₹१०,८०० चा फरक आणि जास्त आकारलेले ₹१०,५६०, दोन्ही मिळून एकवीस हजारांहून जास्त नफा कागदावर असा होता की जो झालाच नव्हता. तेही एका वहीवर.

मग बाकीचा माल तपासला. कंपासपेट्या आणि पट्ट्या ठीक होत्या. दोनशेपानी वहीचं पॅकिंग बदललं होतं, पण तिची नवी खेप अजून आलेली नव्हती.

ऑर्डर कशी घ्यायची

पुढच्यासाठी सर्वांत जास्त चर्चा ऑर्डरवर झाली. अण्णांचं म्हणणं, गिऱ्हाईक पेटीच्या भाषेत बोलतो, त्याला बदलता येणार नाही. ते खरं आहे. म्हणून सेल्समनने पेटी ऐकावी, पण लिहावं डझन. ‘पाच पेट्या’ म्हटलं की तिथेच विचारायचं, “पन्नास डझन लिहू की साठ?” ऑर्डर डझनात ठरली की भाव, बिल, उधारी सगळं त्यावर चालतं. पेटी पुन्हा येते ती गाडी भरताना. ६० डझनाची ऑर्डर असेल तर जुन्या पाच किंवा नव्या सहा, हे गोदामात जे असेल त्यावर ठरेल, आणि चिठ्ठीवर पेट्या व डझन दोन्ही लिहिले जातील. बिलाच्या परिमाणाच्या रकान्यातही आता डझनच छापतो. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे टॅक्स इन्व्हॉइसवर मालाचं परिमाण आणि एकक द्यावं लागतं. त्यासाठीच्या कोडच्या यादीत CTN, DOZ, PCS, GRS सगळे आहेत, त्यामुळे ‘5 CTN’ लिहिणं चालून जातं. पण वाचणाऱ्याला त्यातून माल किती ते कळत नाही. DOZ मधून कळतं.

सेल्समनच्या व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी चाळताना आणखी एक गोष्ट सापडली. एकाने लिहिलं होतं, ‘२.५ डझन’. त्याला म्हणायचं होतं दोन डझन आणि पाच नग, म्हणजे २९. दुकानात अडीच डझन समजून ३० पाठवले. दुसरा सेल्समन अडीच डझनालाच २.५ लिहायचा. डझनाला दशांश चिन्ह लावलं की हे होणारच, कारण डझनाचे दहा भाग पडत नाहीत. दहा नग म्हणजे ०.८३ डझन, आणि ते परत बाराने गुणले तर ९.९६ येतात. शिल्लक डझनात ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये वर्षअखेर दिसणारे वहीचे तुकडे असे येतात. आता सुटा माल ‘२ डझन ५ नग’ असा शब्दात लिहिला जातो आणि स्टॉक नगातच, पूर्ण संख्येत.

फक्त भाव नगात आणायचा नाही, हे मी ताईंना दोनदा सांगितलं. ₹२१६ ला बाराने भाग जातो म्हणून इथे अडचण आली नाही. भाव ₹२१५ असता तर नगाला ₹१७.९२ धरावा लागला असता, आणि ७,२०० नगांचे ₹१,२९,०२४ झाले असते. बिल मात्र ₹१,२९,००० चं. चोवीस रुपयांचा फरक शोधण्यात अर्धा दिवस जातो. संख्या नगात, रक्कम बिलाच्या एककात, आणि नगाचा भाव फक्त ताडून पाहण्यापुरता.

दोनशेपानी वहीच्या नव्या पेट्या पुढच्या आठवड्यात उतरल्या. बिल चढवण्याआधी ताईंनी गोदामात निरोप पाठवून एक पेटी फोडायला लावली. आत सहा डझन होते, बिलावर छापलेलं पॅकिंग आठचं. या वेळी पुरवठादाराकडेच चूक होती, आणि माल ट्रकमधून उतरत असतानाच त्याला फोन गेला.